दंडात पोचलं, डोक्यात का नाही?

"नमस्कार ताई. मी २८ वर्षांचा, सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि जोडीला एमपीएससीचा अभ्यास करतो. घरी पूर्ण शाकाहार, अंडंसुद्धा नाही. वजन ६२ किलो. जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून दोन महिने रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतोय. व्यायामात फरक पडला, वजनही दीड किलोने वाढलं. पण मी ते घेतलं होतं डोक्यासाठी. अभ्यासिकेत बसलो की परवा वाचलेलं आज आठवत नाही, विशेषतः रात्रपाळीच्या आठवड्यात. मित्र म्हणतो, मेंदूसाठी २० ग्रॅम लागतात, आणि शाकाहारी माणसाच्या मेंदूत क्रिएटिन मुळातच कमी असतं. पूर्वपरीक्षेला तीन महिने आहेत. डोस चौपट करू का? आई घाबरली आहे, कारण कंपनीच्या तपासणीत माझं क्रिएटिनिन १.३ आलंय."
— एक वाचक, सातपूर

तुमच्या मित्राने सांगितलेला २० चा आकडा हवेतला नाही. तो खऱ्या अभ्यासांत आहे. फक्त तो किती दिवस दिला, कोणाला दिला आणि त्यातून मेंदूत नेमकं किती पोचलं, हे जिमपर्यंत येता येता गळून पडलं. तेवढंच आज जरा सविस्तर बघू.

आधी तुमच्या दंडांचं. क्रिएटिन म्हणजे पेशींना झटपट ऊर्जा मिळवून द्यायला मदत करणारं द्रव्य. शरीरातलं जवळजवळ ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंत असतं, आणि स्नायू ते स्वतः फारसं बनवत नाहीत. मूत्रपिंड आणि यकृत मिळून ते तयार करतात, काही मांस-मासळीतून येतं, आणि स्नायू रक्तातून ते उचलतात. ५ ग्रॅम पाण्यात ढवळून घेतलंत की तासाभरात रक्तातली पातळी नेहमीच्या कैक पट होते, आणि स्नायूची पेशी त्या रक्ताच्या जवळजवळ अंगणातच बसलेली असते. १९९६ साली स्वीडनमधल्या हल्टमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रोज २० ग्रॅम सहा दिवस घेतलं तर स्नायूतलं क्रिएटिन साधारण २० टक्क्यांनी वाढतं. आणि रोज फक्त ३ ग्रॅम घेतलं तरी महिनाभरात माणूस त्याच पातळीला पोचतो. म्हणजे २० ग्रॅम हा मुळात स्नायू लवकर भरण्याचा डोस. तुम्ही दोन महिने ५ ग्रॅम घेतलंय, तर तुमचे स्नायू केव्हाच भरलेत. यापुढे जास्त टाकलंत तर त्यातलं बरंचसं लघवीवाटे जाईल.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे: मेंदू म्हणजे त्याच नळावरची दुसरी टाकी, दाब वाढवला की तीही भरेल. इथेच गडबड आहे.

गंगापूर रोडवरच्या एखाद्या नव्या सोसायटीत पाण्याचा टँकर थेट टाकीपाशी लागतो. आता तोच टँकर जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यासाठी मागवा. टँकर बोळाच्या तोंडाशी उभा राहणार, आत हंड्याने पाणी न्यायचं. दोन टँकर उभे केले म्हणून बोळ रुंद होत नाही, हंडे वाहणारी माणसंही वाढत नाहीत. शिवाय वाड्याला स्वतःचा आड आहे, त्यामुळे आतल्यांना टँकरची घाई नाही.

मेंदूचं तसंच आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. क्रिएटिनला त्या पेशींच्या मधून वाट नाही, पेशीच्या आतूनच जावं लागतं, आणि त्यासाठी एक ठरावीक वाहक प्रथिन लागतं. हे वाहक म्हणजे आपले हंडेवाले. स्नायूंतही तेच प्रथिन आहे, पण मेंदूच्या दारावर त्याची संख्या मोजकी आहे, आणि रक्तात क्रिएटिनची रोजची साधी पातळी असतानाच ते बऱ्यापैकी कामात गुंतलेलं असतं. रक्तात दहापट क्रिएटिन आलं म्हणून दहापट आत जात नाही. भिंत ओलांडली तरी पुढे आणखी एक अडचण आहे. केशवाहिनीभोवती अॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशींचे पाय जवळजवळ सलग गुंडाळलेले असतात, आणि उंदरांच्या मेंदूवर झालेल्या कामात असं दिसलं, की या पायांवर तो वाहक जवळपास नाहीच. त्यामुळे आत आलेल्या क्रिएटिनला पुढे चेतापेशींपर्यंत जायलाही रुंद रस्ता नाही.

आणि आड? क्रिएटिन बनवणारी दोन्ही विकरं मेंदूत आहेत. मेंदू आपल्या गरजेचं बरंचसं क्रिएटिन स्वतः तयार करतो.

हे सगळं कागदावरचं तर्कट वाटू नये म्हणून एक उदाहरण सांगते. काही मुलं जन्मतःच यातलं एक विकर नसलेली असतात. असा पहिला मुलगा १९९४ साली जर्मनीतल्या ग्योटिंगन इथल्या डॉक्टरांनी वर्णन केला. त्याच्या मेंदूत क्रिएटिन जवळपास नव्हतंच. तोंडाने क्रिएटिन दिल्यावर ते मेंदूत वाढलं, पण कित्येक महिने घेत, हळूहळू. रिकामा मेंदू, लहान मूल, वजनाच्या मानाने मोठा डोस, तरी महिने लागले. दुसरा आजार आहे तो वाहक प्रथिनच बिघडलेल्या मुलांचा. त्यांना कितीही क्रिएटिन पाजलं तरी मेंदूतलं वाढत नाही. एका आजारात आड आटलेला, दुसऱ्यात बोळ बंद. तुमचं दोन्ही व्यवस्थित चालू आहे, आणि म्हणूनच तुमच्या मेंदूत आणखी भरायला जागा थोडी आहे.

किती थोडी, हे त्याच ग्योटिंगनमध्ये १९९९ साली मोजलं गेलं. सहा निरोगी माणसांना रोज २० ग्रॅम, म्हणजे ५-५ ग्रॅम चार वेळा, चार आठवडे दिलं. एमआरआयच्या यंत्रावरच स्पेक्ट्रोस्कोपी नावाची तपासणी करून मेंदूतलं क्रिएटिन मोजलं. सरासरी वाढ आली ८.७ टक्के. तीही सगळीकडे सारखी नाही: थॅलॅमस या आतल्या भागात १४.६ टक्के, पण मेंदूच्या करड्या भागात, जिथे चेतापेशींची दाटी असते तिथे, ४.७ टक्के. स्नायूंत सहा दिवसांत मिळते त्याच्या निम्मीसुद्धा वाढ इथे चार आठवड्यांत झाली नाही.

आता तुम्हाला सर्वात लागू पडणारा अभ्यास. ब्राझीलमधल्या गटाने २०१७ साली लहान मुलं, मिश्राहारी प्रौढ, शाकाहारी प्रौढ आणि वयस्क अशा सगळ्यांना किलोमागे ०.३ ग्रॅम या हिशेबाने सात दिवस क्रिएटिन दिलं. तुमच्या ६२ किलोला ते १८.६ ग्रॅम होतं, म्हणजे मित्राचेच २०. मोजमाप स्नायूत आणि मेंदूत, दोन्हीकडे केलं. फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे क्रिएटिनचंच ऊर्जा साठवणारं रूप, स्नायूंत वाढलं, मेंदूत वाढलं नाही. माणसं तीच, पावडर तीच. काही अभ्यासांत आठवड्याभरात मेंदूत ८-९ टक्के वाढ दिसलीही आहे, हे लपवत नाही. निकाल असे मागेपुढे होण्याचं एक कारण मोजणीतच आहे. वाढ पाच-सात टक्क्यांची, आणि यंत्राच्या मोजणीतला फरकही काही टक्क्यांचा. त्यात गंमत अशी, की मेंदूच्या स्पेक्ट्रोस्कोपीत क्रिएटिन फारसं बदलत नाही असं धरून त्यालाच मोजपट्टी मानण्याची जुनी पद्धत आहे: बाकीची द्रव्यं क्रिएटिनच्या तुलनेत किती, असं सांगतात. मोजपट्टीच ताणली गेली की नाही हे मोजायचं, तर ती पद्धत चालत नाही.

त्याच ब्राझिली गटाने २०१४ मध्ये शाकाहारी आणि मिश्राहारी लोकांच्या मेंदूतल्या क्रिएटिनची तुलनाही केली होती. फरक सापडला नाही. शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत क्रिएटिन कमी असतं हे खरं, आणि म्हणूनच तुम्हाला व्यायामात चांगला फरक जाणवला असेल. पण वरणभात-भाजीपोळीवर वाढलेल्या मेंदूचा आड कोरडा नसतो. मित्राला हे नक्की सांगा.

आता बुद्धीच्या चाचण्यांकडे येऊ, कारण परीक्षा तुमच्या मेंदूतल्या रसायनांची नाही, तुमची आहे. शाकाहारी माणसाने क्रिएटिन घ्यावं हा बोलबाला सुरू झाला तो २००३ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाने. ४५ तरुण शाकाहारी, रोज फक्त ५ ग्रॅम, सहा आठवडे. आकडे उलटे म्हणून दाखवण्याची चाचणी आणि आकृत्यांची तर्कचाचणी, दोन्हींत ठळक सुधारणा दिसली. लक्षात घ्या, हा अभ्यास २० ग्रॅमचा नाही, तुम्ही आज घेताय त्याच डोसचा आहे. पुढे २०२३ मध्ये जर्मनीत त्याच धर्तीवर १२३ जणांवर प्रयोग झाला, निम्मे शाकाहारी, निम्मे मिश्राहारी. डोस तोच, काळ तोच. या वेळी फायदा झालाच असेल तर अगदी छोटा, असा निष्कर्ष निघाला. तर्कचाचणीतला फरक बुद्ध्यंकाच्या भाषेत सुमारे एक गुण, उलट्या आकड्यांत अडीच. तोही योगायोग नाही असं ठामपणे म्हणण्याइतका पक्का नाही. शाकाहाऱ्यांना जास्त फायदा, असंही दिसलं नाही. किलोमागे ०.०३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या वजनाला दोन ग्रॅमच्याही आत, असा डोस सहा आठवडे दिलेल्या २००८ च्या अभ्यासात तर तरुणांच्या बुद्धीवर काहीच परिणाम आढळला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये हे सगळं तपासून सांगितलं, की क्रिएटिनमुळे बुद्धी सुधारते असं म्हणायला पुरेसा आधार नाही.

मग २० ग्रॅमवाले बुद्धीचे अभ्यास कोणते? इंग्लंडमध्ये २००६ च्या सुमारास तरुणांना सात दिवस रोज २० ग्रॅम देऊन मग रात्रभर जागं ठेवलं आणि चाचण्या घेतल्या. क्रिएटिन घेतलेल्यांची घसरण काही चाचण्यांत कमी होती. त्याहून गाजला तो जर्मनीतल्या युलिश या गावच्या संशोधन केंद्रातला २०२४ चा प्रयोग: १५ जण, २१ तास जागरण, आणि किलोमागे ०.३५ ग्रॅमचा एकच डोस. तुमच्या वजनाला २१.७ ग्रॅम, एका बैठकीत. तीन-चार तासांत मेंदूतल्या ऊर्जेच्या द्रव्यांत फरक दिसला, विचारांचा वेग घसरला होता तो थोडा सावरला, आणि परिणाम नऊ तासांपर्यंत टिकला. कयास असा आहे, की जागरणाने मेंदू ऊर्जेला तुटला असताना आणि रक्तात पातळी एकदम चढलेली असताना दार थोडं जास्त उघडत असावं. वाड्याच्या आडाला पाणी कमी पडलं की बोळातल्या हंड्यांना भाव येतो, तसं. पण तो प्रयोग १५ जणांचा आहे, आणि इतका डोस लोकांनी घरी घेऊ नये, मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, असं त्या संशोधकांनीच बजावलंय.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य क्रिएटिनबद्दल नाहीच. "विशेषतः रात्रपाळीच्या आठवड्यात" असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ज्या अभ्यासांत क्रिएटिनचा फायदा जरा स्पष्ट दिसतो, त्यांतली माणसं मुद्दाम जागी ठेवलेली होती, आणि तो फायदा म्हणजे झालेलं नुकसान थोडं कमी होणं. ते तुमच्यासारखेच दमलेले होते, फक्त एका रात्रीपुरते. शिवाय त्यांची चाचणी त्याच दिवशीच्या चलाखीची होती. तुमची तक्रार परवाचं आज न आठवण्याची आहे. वाचलेलं पक्कं होतं ते नंतरच्या झोपेत, आणि युलिशच्या प्रयोगाने त्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही.

तर तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. पहिली, रोज २० ग्रॅम तीन महिने. ही मला पटत नाही. चार आठवड्यांत करड्या भागात पाच टक्क्यांच्या आसपास वाढ, त्यातून गुण किती वाढतील हे कोणी दाखवलेलं नाही, आणि एका वेळी १० ग्रॅम घेतलं तरी अनेकांचं पोट बिघडतं. २५० ग्रॅमचा डबा ५ ग्रॅमने ५० दिवस पुरतो, २० ग्रॅमने साडेबारा. पूर्वपरीक्षेपर्यंत सातहून जास्त डबे लागतील. दुसरी वाट, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून सकाळी मोठा डोस. ही तर अजिबात नको. अभ्यासाच्या प्रयोगशाळेत बाजूला डॉक्टर असतो, तुमच्या परीक्षा केंद्रावर फक्त स्वच्छतागृहापुढची रांग असेल.

तिसरी वाट: ५ ग्रॅम पुन्हा घ्यायचं ते व्यायामासाठी, तेही क्रिएटिनिनच्या रिपोर्टचं निस्तरल्यावरच, आणि अभ्यास शिफ्टच्या हिशेबाने मांडायचा. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन विषय उघडूच नका, त्या दिवसांत फक्त जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. सकाळी घरी आल्यावर आधी झोप, मग अभ्यासिका. बरेच जण उलट करतात, ड्यूटीवरून थेट अभ्यासिकेत जाऊन "आता झोप उडालीच आहे" म्हणतात. इतिहास-भूगोलाचं नवीन वाचन दिवसपाळीच्या आणि सुट्टीच्या दिवसांवर न्या. शक्य असेल तर परीक्षेआधीचे दोन आठवडे रात्रपाळी बदलून मागा. ज्याला तुमची दिवाळीची सुट्टी हवी आहे असा एखादा सहकारी सापडेलच.

क्रिएटिनने डोक्याला फरक पडतो का हे स्वतःवर तपासायची खुमखुमी असेलच, तर एक धोका लक्षात ठेवा. त्याच प्रकारचे प्रश्न दर आठवड्याला सोडवले की क्रिएटिन असो वा नसो, गुण वाढतातच. २००३ आणि २०२३ च्या दोन्ही प्रयोगांत म्हणूनच प्रत्येकाला काही आठवडे क्रिएटिन आणि काही आठवडे दिसायला तशीच दुसरी पावडर दिली होती, आणि केव्हा कोणती हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी ते नीट जमत नाही.

आता आईची काळजी, ती मला रास्त वाटते. क्रिएटिन आणि क्रिएटिनिन ही नावं इतकी जवळची आहेत की दवाखान्यातही घोटाळा होतो. शरीरातल्या क्रिएटिनपैकी दोनेक टक्के रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. साठा वाढला की हा उरलेला गाळही वाढतो, आणि मूत्रपिंडं धडधाकट असूनही रिपोर्टात आकडा चढलेला दिसू शकतो. म्हणून १.३ पाहून घाबरायचं कारण नाही, पण "ते पावडरीमुळेच असेल" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. कारण खरोखरच मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर तोही याच आकड्यात लपतो.

असं करा. आजपासून पावडर बंद ठेवा. स्नायूंतला वाढलेला साठा उतरायला चार-सहा आठवडे लागतात, त्यामुळे तीन दिवसांनी पुन्हा तपासून काही कळणार नाही. दरम्यान तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना किती दिवस, किती ग्रॅम घेतलं ते स्पष्ट सांगा आणि सिस्टॅटिन सी ही रक्ताची तपासणी करून घेता येईल का विचारा. तो आकडा क्रिएटिनच्या पावडरीने चढत नाही. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी आणि रक्तदाब. हे सगळं ठीक आलं आणि सहा आठवड्यांनी क्रिएटिनिनही उतरलं, तर ५ ग्रॅम पुन्हा सुरू करायला हरकत नसावी. घरात कोणाला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा सिस्टॅटिन सीचा आकडाही वर आला, तर परीक्षा तीन महिन्यांवर आहे म्हणून थांबू नका, मूत्रपिंडांच्या तज्ज्ञाकडे जा. आणि पुढच्या वेळी कंपनीच्या तपासणीत फॉर्मवर "कोणती औषधं घेता?" असं विचारलं, तर तिथे पावडरीचंही नाव लिहा.